साठबाईंचं पूर्ण मिनिट

आमच्या हॉस्पिटलात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. समोर 'बाई' आणि पाठीमागे 'साठबाई'. नव्या पोरींना वाटायचं हे वयावरून पडलेलं नाव असेल, पण तेव्हा बाई पन्नाशीच्याही अलीकडे होत्या. साठ हे सेकंद होते. ऑपरेशन झालेल्या पेशंटचे श्वास मोजायचे तर पूर्ण साठ सेकंद मोजायचे, एक सेकंद कमी नाही, हा त्यांचा हेका. बाकीचं जग पंधरा सेकंद मोजतं आणि चाराने गुणून मोकळं होतं. बाई म्हणायच्या, "गुणाकार शाळेत झाले तुमचे. इथे श्वास मोजायला आलात."

बुटक्या, अंगाने भरलेल्या, आणि चालताना उजवा बूट चुईंचुईं वाजायचा. तो बूट वाजला की आम्ही शिकाऊ पोरी उगाचच चादरी ताणायला लागायचो. छातीशी उलटं अडकवलेलं घड्याळ होतं. खाटेच्या पायथ्याशी जाऊन त्या उभ्या राहायच्या, हातात केसपेपर धरायच्या आणि वाचल्याचं नाटक करायच्या. डोळे मात्र पेशंटच्या छातीवर. मोजतोय हे पेशंटला कळलं तर तो बेत करून श्वास घेतो, म्हणून हे नाटक. आणि हात अजिबात लावायचा नाही. "हात लावला की माणूस जागा होतो. जागा झाला की श्वास वाढतो. मग तुम्ही लिहिता तो आकडा तुमच्या हाताचा असतो, पेशंटचा नसतो."

मला त्या तेव्हा मुळीच आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. मी घाईची बाई. जेवायला बसले तरी पाय टेबलाखाली चालत असायचे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'एक्स्प्रेस' ठेवलं होतं आणि ते कौतुक आहे असं समजायचा मूर्खपणा मी दोन दिवस केला.

पण त्यांची वही मात्र सगळ्यांना हवी असायची. औषधशास्त्राच्या परीक्षेसाठी त्यांनी कधीकाळी उजळणीच्या टिपा काढल्या होत्या, त्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून त्या दर बॅचकडे जायच्या. शेवटी अक्षरं इतकी फिकट झाली होती की निम्मं वाचायचं आणि निम्मं पाठ असलेलीला विचारायचं. पुस्तकात अफूवर्गातल्या वेदनाशामकांना अकरा पानं दिली होती, बाईंनी चार पानांत उरकलं होतं आणि त्यातली दोन रागावण्यात गेली होती.

"मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल," असं सुरू व्हायचं, "घराणं एक, स्वभाव निराळे. सगळे दुखणं थांबवतात आणि सगळे मेंदूला श्वास घ्यायचं विसरायला लावतात. मॉर्फिन शिरेतून दिलं तरी पूर्ण चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दिलं, पेशंट बरा दिसला आणि तुम्ही चहाला गेलात, तर तो चहा फार महाग पडेल." पुढे गुंगीचं मोजमाप. "आधी गुंगी वाढते, श्वास नंतर मंदावतो. म्हणून नुसते श्वास मोजून भागत नाही. शून्य म्हणजे टक्क जागा. एक म्हणजे पेंगतोय, पण हाकेला उठतो. दोन म्हणजे बोलता बोलता डोळे मिटतो. तीन म्हणजे हलवून उठत नाही. दोनलाच डॉक्टरांना बोलवा. तीनची वाट बघणारी नर्स माझ्या वॉर्डात नको."

मग खाली, अधोरेखित: "बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन दाखवतं, श्वास दाखवत नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी असेल तर श्वास निम्म्यावर आला तरी ते बराच वेळ सगळं छान आहे म्हणून सांगत राहतं. यंत्र खोटं बोलत नाही. तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारता." आणि कडेला, वेगळ्या शाईत: "घोरायला लागले म्हणजे गाढ झोप लागली, असं नातेवाईक म्हणतात. तुम्ही नातेवाईक नाही."

पहिल्या पानावर मात्र एकच ओळ होती. "'शांत झोपले आहेत' असं कधीही लिहू नये." का, ते कुठेच दिलं नव्हतं. आम्ही हसायचो. आमच्यातली एक रोज रात्री दिवा मालवताना म्हणायची, "मी झोपते, पण शांत झोपले असं कुणी लिहू नका गं."

मी दुसऱ्या वर्षाला असताना शिंपीकाका वॉर्डात आले. सत्तरीचे, काटकुळे, बोटांना सुईचे घट्टे. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि दुखण्यासाठी मॉर्फिनचा पंप लावला होता. त्या पंपाला एक बटण असतं. पेशंटला दुखलं की त्याने ते दाबायचं, की ठरलेला थोडासा डोस शिरेत जातो. पुढची काही मिनिटं कितीही दाबलं तरी काही जात नाही. यातली खरी हुशारी यंत्रात नसते, पेशंटमध्ये असते. गुंगी आली की त्याचा हात गळतो, बटण दाबलं जात नाही आणि औषध आपोआप थांबतं. म्हणून ते बटण पेशंटशिवाय कुणीही दाबायचं नाही.

दुपारचे अडीच वाजले होते. खाटेशी त्यांची सून बसली होती. सासऱ्यांवर जीव असलेली बाई, दोन दिवस घरी गेली नव्हती. मला म्हणाली, "सिस्टर, आत्ता कुठे जरा डोळा लागलाय हो त्यांचा. सकाळपासून कण्हत होते. उठवू नका."

काका घोरत होते. बोटावरच्या यंत्रावर शहाण्णव होते. नाकाला ऑक्सिजन होता. मला नऊ पेशंटची निरीक्षणं तीनच्या आत कागदावर उतरवायची होती. मी लांबूनच बघितलं आणि श्वासाच्या रकान्यात सोळा लिहिलं. सोळा हा फार सोयीचा आकडा आहे. ना जास्त, ना कमी, कुणी विचारत नाही. जगातल्या सगळ्या वॉर्डांत कंटाळलेल्या नर्सच्या हाताखाली माणसं मिनिटाला सोळाच श्वास घेतात.

दहा मिनिटांनी बूट वाजला. बाई शिंपीकाकांच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, केसपेपर उचलला आणि वाचू लागल्या. मी समोरच्या खाटेशी सलाईन बघत होते. एक मिनिट केवढं लांब असतं हे ज्याला कळायचंय त्याने आपली चोरी असलेल्या कागदाकडे दुसरं कुणीतरी बघत असताना मोजावं.

"सात," बाई म्हणाल्या.

मग जे झालं ते इतक्या बेताने झालं की त्यात घाबरायला जागाच नव्हती, तरी माझी पाचावर धारण बसली होती. बाईंनी एका हाताने पंप थांबवला आणि दुसऱ्याने काकांचा खांदा धरून मोठ्यांदा हाक मारली. "काका, डोळे उघडा. श्वास घ्या. खोल." काकांनी पापण्या अर्ध्या उघडल्या आणि लगेच मिटल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा जबडा पुढे उचलून धरला, आणि ते घोरणं थांबून हवा नीट आत जाताना मला पहिल्यांदा ऐकू आली. मला म्हणाल्या, "एक्स्प्रेस, आता धाव. ऑक्सिजन मास्क, हवा द्यायची पिशवी, डॉक्टर. आणि नॅलॉक्सोन."

नॅलॉक्सोन म्हणजे मॉर्फिनचा उतारा. तरुण डॉक्टर धावत आले आणि अख्खी कुपी एकदम द्यायच्या बेतात होते. बाई जबडा न सोडता म्हणाल्या, "सर, दहा मिलीपर्यंत पातळ करून एकेक मिली देऊ या का? एकदम दिलं तर सगळं दुखणं एकदम परत येईल. टाके नवे आहेत." डॉक्टरांनी तसंच केलं. एक मिली. बाई काकांना हाक मारत राहिल्या, श्वास घ्या म्हणून सांगत राहिल्या. दोन-तीन मिनिटांनी आणखी एक. तिसऱ्या मिलीनंतर श्वास अकरावर आले आणि काकांनी डोळे उघडून विचारलं, "कोण ओरडतंय?"

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "बटण तुम्ही दाबत होतात का?"

"ते झोपेत कण्हले की दाबत होते," ती म्हणाली. "त्यांना दुखू नये म्हणून."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, दाबायचं नाही म्हणून?"

"नाही."

"मग चूक आमची. तुमची नाही."

सुनेला रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं. मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला, आता सगळं बटणावर जाईल. मी नळ्या गुंडाळायला लागले. पण बाईंनी हात केला. "कुठे निघालीस? उतारा तासाभरात उतरतो. मॉर्फिन त्याहून जास्त टिकतं. उतारा गेला की हा माणूस पुन्हा झोपेल. आता खरी ड्युटी सुरू झाली." आणि त्या स्वतः एक स्टूल ओढून तिथे बसल्या. दर पाच मिनिटांनी मोजायच्या. चारच्या सुमाराला श्वास पुन्हा आठवर आले, डॉक्टरांनी आणखी थोडा उतारा दिला, आणि बाई संध्याकाळी त्यांची ड्युटी संपल्यावरही दोन तास बसून होत्या.

मधेच त्यांनी काकांचा तक्ता मांडीवर घेतला. अडीचच्या रकान्यातल्या सोळावर बोट ठेवून माझ्याकडे न बघता विचारलं, "हे तू मोजलेस?"

"हो, बाई."

"पूर्ण मिनिट?"

"पूर्ण मिनिट, बाई."

त्यांनी मान हलवली आणि तक्ता परत अडकवला. दहा मिनिटांत सोळाचे सात होत नाहीत, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला वही मिळाली. झेरॉक्स नव्हे, मूळ वही. "नीट झेरॉक्स काढून आण, फिकट झाल्यात," एवढंच म्हणाल्या. मी आणली. त्या दिवसापासून मी साठ सेकंद मोजायला लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं होतं माझं, प्रत्येक खाटेशी बाई मागे उभ्या आहेत असं वाटायचं. पुढे भीती गेली आणि सवय राहिली. शिंपीकाका तेरा दिवसांनी घरी गेले आणि जाताना बाईंच्या ॲप्रनची उसवलेली शिवण घालून देऊन गेले.

ते खोटं मात्र माझ्याकडेच राहिलं. बावीस वर्षं.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी त्याच वॉर्डाची इनचार्ज झाले. पोरी माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. गेल्या वर्षी एका सकाळी ड्युटीवर आले तर खिडकीजवळच्या खाटेवर साठबाई. घरात स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं होतं, मी रजेवर असताना.

"ये, एक्स्प्रेस," म्हणाल्या. "स्टूल मोडकं होतं. मी नाही."

पण आवाज अर्ध्यातच तुटत होता. कंबरेत दिलेलं भुलीचं औषध उतरून दीड दिवस झाला होता आणि बाई दुखण्याच्या साध्या गोळीवर होत्या. मॉर्फिनला साफ नकार. हलायचं नाही, खोकायचं नाही, श्वास वरच्यावर घ्यायचा. दुखतंय का विचारलं की "चालायचंच" म्हणायच्या आणि चादरीच्या काठाला धरलेली मूठ पांढरी व्हायची. मी पायथ्याशी केसपेपर घेऊन उभी राहिले. अठ्ठावीस श्वास, सगळे उथळ. अंगात बारीक ताप. नळी न लावता ऑक्सिजन एक्याण्णव.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "सिस्टर, फुप्फुसांच्या तळाशी कफ साठायला लागलाय. आज खोकल्या नाहीत, खुर्चीत बसल्या नाहीत, तर न्युमोनिया होईल. या वयात त्यातून परत आणणं कठीण. वेदना कमी झाल्याशिवाय त्या खोकणार नाहीत. तुम्ही ओळखता त्यांना. काहीतरी करा."

मी जाऊन स्टुलावर बसले. मोडक्या नव्हे.

"बाई, इंजेक्शन का नको?"

"नको म्हटलं ना."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं झालंय हे. तुमच्या वहीचं शेवटचं पान म्हणून दाखवू?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," बाई म्हणाल्या. पण थांबवलं नाही. मला पाठच होतं. मी म्हटलं, "'भीतीपोटी वेदनाशामक न देणं, हीही चूकच. दुखतंय म्हणून पेशंट खोकत नाही, खोकत नाही म्हणून छाती भरते, आणि आपण म्हणतो, निदान मॉर्फिनने तरी गेला नाही. थोडं द्या, नीट द्या, आणि खाटेशी उभ्या राहा. औषध घातक नसतं. पाठ फिरवणं घातक असतं.' हे कुणी लिहिलं?"

"कुणी तरी शहाणीने."

"मग?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "मरायला मी घाबरत नाही गं. वय झालं माझं. पण तुझ्या वॉर्डात सकाळपासून बघतेय, पोरी किती नि पेशंट किती. एखादीचं मोजायचं राहील. माझ्यावर राहील. आणि मग ती पोर उरलेलं आयुष्य ते घेऊन फिरेल. मला ते कुणावर टाकायचं नाही."

मी त्यांची उशी जरा सरळ केली.

"पहिल्या पानावरच्या ओळीला तुम्ही सगळ्या हसता ना," बाई म्हणाल्या. मधेमधे थांबत, दुखण्यावर पाय ठेवून चालल्यासारखं बोलत होत्या. "ती मी लिहिलेली ओळ आहे. वहीत नव्हे, तक्त्यावर. नोकरीचं तिसरं वर्ष. पोस्टमन होता, एकतीस वर्षांचा, पाय मोडलेला. दुपारी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने दारातूनच बघितलं. घोरत होता. मी लिहिलं, श्वास अठरा, शांत झोपले आहेत. पाऊण तासाने त्याची बायको डबा घेऊन आली आणि उठवायला गेली."

बाजूच्या खाटेवर कुणीतरी पाणी मागितलं. आमच्या एका मुलीने दिलं. बाई ते बघत होत्या.

"मला कुणी काही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "तक्त्यावर अठरा होते ना. तक्ता व्यवस्थित होता."

इतकी वर्षं मला ज्या मिनिटाची दहशत होती, जे मला त्यांचा हट्ट वाटत होतं, ते कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण ही बाई स्वतःचं ताक फुंकत बसली नाही. तीस वर्षं इतरांच्या पेल्यांवर फुंकर घालत हिंडली. मला त्यांच्याविषयी इतकं वाटलं की रडू आलं, आणि ड्युटीवर रडायचं नाही हेही त्यांनीच शिकवलेलं.

मी म्हटलं, "बाई, शिंपीकाकांचे सोळा मी मोजले नव्हते."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"नऊ पेशंट, नऊ सोळा. एका वॉर्डात नऊ माणसं एका चालीने श्वास घेतात का? कवायत करत होते?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तेव्हा बोलले असते तर तू रडली असतीस आणि मोकळी झाली असतीस. मला तू मोकळी व्हायला नको होतीस. पुढे दोन महिने तुझ्या मागे पडद्याआडून घड्याळ धरलं मी. बूट काढून. साठच्या साठ मोजत होतीस." पुढे म्हणाल्या, "अहवालात लिहिलं होतं मी, की नोंद भरवशाची नव्हती आणि नातेवाइकांना बटणाचं सांगितलं गेलं नव्हतं, जबाबदारी वॉर्ड इनचार्जची, म्हणजे माझी. बढती एक वर्ष पुढे गेली. फार काही नाही."

फार काही नाही म्हणे. बावीस वर्षं मी समजत होते की मी सुटले. मी सुटले नव्हते, मला कुणीतरी उचलून धरलं होतं, त्या जबड्यासारखं.

मी उभी राहिले. "बाई, कुणा पोरीवर टाकायचं नाही ना तुम्हाला? मग माझ्यावर टाका. मी इथे बसते. इंजेक्शननंतर अर्धा तास दर पाच मिनिटांनी, मग दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग दर तासाला, आणि मी घरी जाताना जिला देईन तिला आधी तुमच्यासमोर मोजायला लावीन. तुम्ही तिचं मोजणं तपासा. नापास केलीत तर दुसरी. दोन मिलिग्रॅमने सुरुवात. किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, झोपेची गोळी तुम्ही घेत नाही. उतारा ट्रॉलीवर आहे, पिशवी आहे, मी आहे."

बाईंनी माझ्या छातीशी उलट्या अडकवलेल्या घड्याळाकडे बघितलं.

"सेकंदकाटा चालतो का त्याचा?"

"चालतो."

"दे मग. हळू दे."

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, सावकाश, घड्याळ लावून. मी स्टूल ओढलं. पाच मिनिटांनी चादरीवरची मूठ सुटली. दहा मिनिटांनी भुवया सैल झाल्या. पंधराव्या मिनिटाला त्यांनी कुशीशी उशी धरली आणि खोकल्या, एकदा, दोनदा, पोटातून. फिजिओथेरपीची मुलगी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिने हात मागे घेतले. मग त्यांना खुर्चीत बसवलं, वीस मिनिटं त्या बसल्या, वॉर्डातल्या चादरी नीट घातलेल्या नाहीत हे मला सांगितलं, आणि परत खाटेवर घेतल्यावर डोळे मिटले.

दुपार झाली होती. वॉर्ड जेवून शांत झाला होता. मी पायथ्याशी गेले आणि केसपेपर उचलला. घोरणं नव्हतं. छाती एकसारखी, खोल, वर खाली होत होती. हात लावायचा मोह झाला, कपाळावरचे केस बाजूला करावेसे वाटले. नाही केले. काटा बारावर आला तेव्हा सुरुवात केली. एक. दोन. कुठेतरी फोन वाजला, मी वळले नाही. पन्नास सेकंदाला दहा झाले होते आणि एखादी शहाणी तिथेच थांबून हिशेब करून मोकळी झाली असती. मी थांबले नाही. काटा पुन्हा बारावर आला.

रकान्यात लिहायला पेन टेकवलं तेवढ्यात डोळे न उघडता बाई म्हणाल्या, "किती?"

"बारा."

"पूर्ण मिनिट?"

"पूर्ण मिनिट, बाई."

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली, आणि झोपल्या.